उत्तर मायनस आलं म्हणून खोडू नका!

रात्रीचे साडेदहा. गंगाखेडहून मावसबहिणीचा मेसेज आला. आधी एक फोटो आणि खाली एकच ओळ : "दादा, उत्तर मायनस यायलंय. काय चुकलं सांग ना."

फोटो म्हणजे काय, झेरॉक्सचा फोटो. वहीच्या घडीमुळे मधोमध काळी रेघ, वर ट्यूबलाइटची चकाकी, आणि मोबाइल तिरपा धरल्यामुळे सर्किटचा चौकोन एका बाजूला निमुळता झालेला. तरी आकृती ओळखू येत होती. बारावीच्या फिजिक्समधल्या ‘करंट इलेक्ट्रिसिटी’ या धड्यातलं ते नेहमीचं गणित : दोन बॅटऱ्या, तीन रोध, आणि प्रश्न एवढाच की मधल्या ६ ओहमच्या रोधातून किती करंट जातो.

मी उत्तर लिहायला घेतलं तेवढ्यात दुसरा मेसेज. "मैत्रिणीचं उत्तर झिरो आलंय. माझं १.२. ती म्हणते तुझ्यात मायनस आलाय म्हणजे तुझंच चुकलं."

मैत्रिणीचं गणित पाहिलं. समीकरणं नीट मांडलेली, सोडवलेली पण नीट. बहिणीचंही तसंच. दोघींनी एकही आकडेमोड चुकवलेली नव्हती आणि तरीही उत्तरं वेगळी! गडबड गणितात नव्हतीच. ती फोटोत होती. आणि ज्या मायनसला बहीण घाबरली होती, तो मायनस या सगळ्या प्रकारातली सगळ्यात खरी गोष्ट होता.

आधी फोटो बंद, मग वही उघडा

फोटोवर बोट ठेवून गणित सोडवायची आपल्या सगळ्यांना सवय लागली आहे. इथेच पहिला घोळ होतो. अशा गणितात पहिलं काम म्हणजे आकृती स्वतःच्या हाताने, सरळ, मोठी काढणं. काढताना प्रत्येक चिन्हाकडे वेगळं बघावं लागतं, आणि जिथे हात अडखळतो तिथेच फोटो अस्पष्ट असतो.

आम्ही फोनवर बोलत दोघांनी मिळून आकृती काढली. वर एक आडवी तार, खाली एक आडवी तार. दोन्ही तारांना जोडणाऱ्या तीन उभ्या फांद्या. डाव्या फांदीत १२ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहमचा रोध. उजव्या फांदीत ६ व्होल्टची बॅटरी आणि १ ओहमचा रोध. मधल्या फांदीत बॅटरी नाही, फक्त ६ ओहमचा रोध. जिथे मधली फांदी वरच्या तारेला मिळते त्या ठिकाणाला A म्हणू, खालच्या ठिकाणाला B.

आता बॅटरीचं चिन्ह. एक लांब रेघ, एक आखूड रेघ. लांब म्हणजे प्लस, आखूड म्हणजे मायनस, हे पाठ असतं. पण मोबाइल तिरपा धरला की कॅमेऱ्याच्या जवळची रेघ मोठी दिसते आणि लांबची लहान. झेरॉक्समध्ये बारीक रेघेचं टोक उडून जातं, मग लांब रेघही आखूड होते. मैत्रिणीने उजव्या बॅटरीची वरची रेघ आखूड वाचली, म्हणजे बॅटरी उलटी धरली. बहिणीने वरची रेघ लांब वाचली. सगळा फरक या दीड-दोन मिलीमीटरचा!

अशा वेळी लांबी सोडा, जाडी बघा. पुस्तकी आकृतीत बऱ्याचदा आखूड रेघ मुद्दाम जाड काढलेली असते, आणि फोटो कितीही तिरपा असला तरी शेजारी शेजारी असलेल्या दोन रेघांपैकी जाड कोणती हे कळतं. त्याच आकृतीतली दुसरी, स्पष्ट दिसणारी बॅटरी घेऊन तुलना करा. कुठे बारीक + किंवा − छापलंय का तेही झूम करून पाहा. आमच्या फोटोत झूम केल्यावर वरची रेघ बारीक आणि खालची जाड निघाली. म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांचा प्लस वरच्या बाजूला, A कडे. बहिणीचं वाचन बरोबर होतं.

फोटोत आणखी दोन गोष्टी फसवतात, त्या जाता जाता सांगतो. Ω हे चिन्ह धूसर झालं की शून्यासारखं दिसतं, मग ‘२ ओहम’चे ‘२०’ होतात. आणि दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे ठळक टिंब आहे की नाही, हे बघावंच लागतं. टिंब असेल तर तिथे जोड आहे. टिंब नसेल तर बऱ्याच आकृत्यांत एक तार दुसरीच्या वरून नुसती गेलेली असते, आणि तिथे जंक्शन मानलं की पुढचं सगळं गेलं.

परभणी जंक्शन आणि नेमगिरीची चढण

हे गणित सोडवायला दोनच नियम लागतात. गुस्टाफ किर्चहॉफने ते १८४५ साली मांडले. तेव्हा तो कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकत होता, वय २१. म्हणजे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांएवढाच.

पहिला नियम जंक्शनचा. परभणी जंक्शन डोळ्यांपुढे आणा. एक लाइन सेलू-जालन्याकडून मनमाडला जाते, एक पूर्णा-नांदेडकडे आणि एक गंगाखेडवरून परळीला. आता समजा, स्टेशनवर एकही गाडी थांबून राहायची नाही आणि इथून नवीन गाडी सुटायचीही नाही, असा नियम केला. मग तासाभरात जेवढ्या गाड्या आत येतील तेवढ्याच बाहेर जाव्या लागतील. खऱ्या स्टेशनवर गाड्या थांबतात, रात्रभर उभ्याही राहतात. तारेच्या जोडावर मात्र, करंट स्थिर असताना, चार्ज साठून राहत नाही. म्हणून आत येणाऱ्या करंटची बेरीज ही बाहेर जाणाऱ्या करंटच्या बेरजेइतकीच.

दुसरा नियम लूपचा. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकडीवर चढा, वाटेल त्या वाटेने फिरा आणि जिथून निघालात तिथेच परत या. जेवढं चढलात तेवढंच उतरलात, एकूण फरक शून्य. सर्किटमध्ये उंचीच्या जागी व्होल्टेज. बॅटरीत मायनसकडून प्लसकडे गेलात की चढ. रोधातून करंटच्या दिशेने गेलात की उतार, आणि तो उतार करंट गुणिले रोध एवढा. रोधातून करंटच्या उलट दिशेने गेलात तर तोच चढ होतो. फेरी पूर्ण केली की बेरीज शून्य आलीच पाहिजे.

पाठ्यपुस्तकात चिन्हांचे नियम एका चौकटीत देतात आणि आपण ते घोकतो. घोकू नका. चढतोय की उतरतोय, एवढंच प्रत्येक पावलाला स्वतःला विचारा.

बाण कसाही काढा, पण एकदा काढला की बदलू नका

आता बहिणीचा खरा प्रश्न आला. "पण दादा, करंट कोणत्या दिशेने जातोय हे आधी कसं कळणार?"

कळत नाही आणि कळायची गरजही नाही. डाव्या फांदीत वर जाणारा करंट I₁ समजा. उजव्या फांदीत वर जाणारा I₂ समजा. मधल्या फांदीत खाली येणारा I₃ समजा. हा फक्त अंदाज आहे, बाण काढून ठेवायचा. अंदाज चुकला तर उत्तरापुढे मायनस येईल आणि गणित आपणहून सांगेल की बाबा, करंट उलटा आहे. किती करंट, तो आकडा मात्र बरोबरच येतो.

A या जंक्शनवर I₁ आणि I₂ आत येतात, I₃ बाहेर जातो :

I₁ + I₂ = I₃

आता डावा लूप. B पासून निघा, डाव्या फांदीने वर चढा. बॅटरीत १२ चा चढ, २ ओहममध्ये 2I₁ चा उतार. A ला पोचलात. मधल्या फांदीने खाली या, 6I₃ चा उतार. परत B.

12 − 2I₁ − 6I₃ = 0

उजवा लूप. B पासून उजव्या फांदीने वर. ६ चा चढ, १ ओहममध्ये I₂ चा उतार, मग मधून खाली 6I₃ चा उतार.

6 − I₂ − 6I₃ = 0

इथे एक शंका हमखास येते. डावा लूप आपण घड्याळाच्या काट्यासारखा फिरलो, उजवा उलटा फिरलो, हे चालतं का? चालतं. उजवा लूप काट्याच्या दिशेने फिरून पाहा. A पासून उजवीकडून खाली उतराल तर I₂ च्या विरुद्ध जाताय, म्हणून I₂ चा चढ. बॅटरीत प्लसकडून मायनसकडे, ६ चा उतार. मग मधल्या फांदीतून I₃ च्या विरुद्ध वर, 6I₃ चा चढ. तेच समीकरण, सगळी चिन्हं उलटी झालेलं. फिरण्याची दिशा बदलली तर बिघडत नाही. मध्येच बाणाची दिशा बदलली तर मात्र सगळं बिघडतं.

आता I₃ च्या जागी I₁ + I₂ ठेवा. पहिल्या लूपमधून 8I₁ + 6I₂ = 12 येतं, दोनाने भागलं की :

4I₁ + 3I₂ = 6

दुसऱ्यामधून :

6I₁ + 7I₂ = 6

दोन समीकरणं, दोन अज्ञात. इथून पुढे फिजिक्स संपलं, दहावीचं बीजगणित सुरू. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ आठवतंय? त्यातली क्रेमरची पद्धत दहावीत बहुतेकांनी चार मार्कांपुरती केली आणि विसरून गेले. इथे ती दोन ओळींत काम करते.

D = 4×7 − 3×6 = 10
I₁ साठी : 6×7 − 3×6 = 24
I₂ साठी : 4×6 − 6×6 = −12

म्हणून I₁ = 2.4, I₂ = −1.2, आणि I₃ दोन्हींची बेरीज, 1.2. उत्तर १.२ अँपिअर.

"चौथं समीकरण लिहू का?"

बहिणीने आधी वेगळाच प्रयत्न केला होता. जंक्शनचं समीकरण तिने लिहिलंच नव्हतं. त्याऐवजी तीन लूप घेतले होते : डावा, उजवा आणि बाहेरचा मोठा. तीन अज्ञात, तीन समीकरणं, म्हणून सुटायला हवं ना? अर्धा तास घालवला आणि शेवटी आलं 0 = 0.

कारण सोपं आहे. डाव्या लूपच्या समीकरणातून उजव्याचं वजा करून बघा :

6 − 2I₁ + I₂ = 0

हेच बाहेरच्या मोठ्या लूपचं समीकरण. म्हणजे तिसरा लूप नवीन काही सांगतच नाही, आधीच्या दोघांचंच बोलणं पुन्हा सांगतो. जंक्शनचंही तसंच. B ला समीकरण लिहिलं तर I₃ = I₁ + I₂, म्हणजे A चंच उलट लिहिलेलं.

किती समीकरणं खरी वेगळी, याचा हिशेब किर्चहॉफनेच पुढे १८४७ मध्ये मांडला. सर्किटमध्ये जेवढी जंक्शन असतील त्यापेक्षा एक कमी एवढी जंक्शनची समीकरणं घ्या. उरलेली लूपची. आपल्याकडे दोन जंक्शन, म्हणून एक समीकरण. तीन फांद्या, म्हणजे तीन अज्ञात करंट, म्हणून लूपची दोन. आकृती कागदावर सपाट, तारा एकमेकींवरून न जाता काढता येत असेल, तर जेवढ्या ‘खिडक्या’ दिसतील तेवढे लूप पुरतात. आपल्या आकृतीत दोन खिडक्या.

0 = 0 आलं तर ते आकडेमोडीची चूक समजून पुन्हा पहिल्यापासून करत बसू नका. आपण एकच गोष्ट दोनदा लिहिली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तो बाहेरचा लूप मात्र वाया जात नाही. तो ताळा करायला वापरा. 6 − 4.8 − 1.2 = 0. जमलं!

मायनस म्हणजे काय झालं?

"पण दादा, बॅटरी तर करंट देते ना? मग ६ व्होल्टच्या बॅटरीचा करंट मायनस कसा?" हा तिचा प्रश्न, आणि मैत्रिणीचा आक्षेपही हाच होता.

उत्तरासाठी A आणि B मधलं व्होल्टेज काढू. मधल्या फांदीतून बघितलं तर ६ ओहम गुणिले १.२, म्हणजे ७.२ व्होल्ट. डावीकडून बघितलं तर १२ मधून २ ओहममधला ४.८ चा उतार गेला, ७.२. दोन्ही जुळलं. आता ६ व्होल्टच्या बॅटरीच्या नजरेने बघा. तिची स्वतःची उंची ६, आणि बाहेर उंची आहे ७.२. पाण्याच्या टाकीत बाहेरची पातळी जास्त असेल तर पाणी बाहेर पडेल का आत शिरेल? आत शिरेल. म्हणून करंट या बॅटरीच्या प्लसमधून आत जातोय. ही बॅटरी देत नाहीये, चार्ज होतेय. उजवीकडून मोजलं तर ६ अधिक १ ओहममधले १.२, पुन्हा ७.२. तिन्ही फांद्यांनी एकच आकडा दिला. परीक्षेत ताळा करायला याच्याइतका झटपट मार्ग नाही. तीनपैकी एक जरी आकडा वेगळा आला तर कुठेतरी चिन्ह चुकलंय.

वॅटचा हिशेबही लावून बघा. १२ व्होल्टची बॅटरी २.४ अँपिअर देते, म्हणजे २८.८ वॅट. त्यातले २१.६ वॅट तिन्ही रोधांत उष्णता होऊन जातात. उरलेले ७.२ वॅट ६ व्होल्टच्या बॅटरीत जमा होतात. पै न पै जुळली. मायनस खोडून प्लस केला असता तर हा हिशेब कधीच जुळला नसता.

आता गंमत बघा. मधला ६ ओहमचा रोध काढून तिथे २ ओहमचा लावा आणि पुन्हा सोडवा. A-B मधलं व्होल्टेज बरोबर ६ येतं. मग ६ व्होल्टच्या बॅटरीचा करंट शून्य! ती सर्किटमध्ये आहे, पण देतही नाही, घेतही नाही. आणखी कमी करा, १ ओहम लावा. आता व्होल्टेज ४.८ वर उतरतं आणि तीच बॅटरी १.२ अँपिअर बाहेर द्यायला लागते. बॅटरी तीच, जोडणी तीच. मधला भार वाढत गेला तशी ती घेणाऱ्याची देणारी झाली. मधला रोध ६, २, १. तिचा करंट −१.२, ०, +१.२.

म्हणून आधीच ठरवून मायनस खोडणं धोक्याचं. करंट कुठे जाणार हे बॅटरीवर एकटीवर अवलंबून नसतं, अख्ख्या सर्किटवर असतं.

मैत्रिणीचा शून्य कुठून आला?

तिने उजवी बॅटरी उलटी वाचली होती. मग उजव्या लूपमध्ये ६ चा चढ नाही, ६ चा उतार :

−6 − I₂ − 6I₃ = 0

हे सोडवलं की I₁ = 6, I₂ = −6, आणि I₃ = 0. मधल्या रोधातून काहीच जात नाही. बाहेरच्या मोठ्या वर्तुळात मात्र ६ अँपिअर गरगर फिरतात. तिचं गणित तिच्या आकृतीसाठी शंभर टक्के बरोबर होतं. फक्त ती आकृती पेपरातली नव्हती.

इथे एक कडू गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ताळा आकडेमोडीची चूक पकडतो, आकृती वाचण्याची चूक पकडत नाही. मैत्रिणीने तिन्ही फांद्यांनी व्होल्टेज काढलं असतं तरी तिन्हीकडून शून्यच आलं असतं. आणि ऑप्शनमध्ये ‘०’ दिलेला असतो, कारण प्रश्न काढणाऱ्याला ही चूक माहीत असते. म्हणून फोटो संशयास्पद असेल तर दोन्ही आकृत्या काढून दोन्ही उत्तरं लिहून ठेवावी, आणि मूळ पेपर किंवा पुस्तक असलेल्या कुणाकडून तेवढी एक बॅटरी तपासून घ्यावी. सगळं गणित विचारायची गरज नाही. "उजव्या बॅटरीची जाड रेघ वर आहे की खाली?" एवढा एक प्रश्न पुरे.

शेतातलं सर्किट

हे सगळं समजावून झालं तेव्हा साडेअकरा वाजले होते. बहीण म्हणाली, "म्हणजे परवा पप्पांनी ट्रॅक्टर चालू केला तेच की हे."

काकांच्या ट्रॅक्टरची बॅटरी थंडीत बसली होती. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आणून दोन जाड केबल लावल्या, लाल प्लसला, काळी मायनसच्या बाजूला. तिने वर्णन केलं तसं मी वहीत काढलं, आणि आकृती तीच निघाली. डावीकडे चांगली बॅटरी, उजवीकडे बसलेली बॅटरी, मध्ये स्टार्टर.

नमुन्याचे आकडे घेऊ. चांगली बॅटरी १२.६ व्होल्ट, केबलसकट रोध ०.०२ ओहम. बसलेली ११.४ व्होल्ट, आतला रोध ०.०४ ओहम. चावी फिरवण्याआधी स्टार्टरची फांदी तुटलेली आहे, म्हणून एकच लूप. व्होल्टेजचा फरक १.२, एकूण रोध ०.०६, करंट २० अँपिअर. हा करंट बसलेल्या बॅटरीत शिरतोय. म्हणजे आपला मायनस! म्हणूनच जाणकार ड्रायव्हर केबल लावल्यावर लगेच चावी मारत नाही, पाच-दहा मिनिटं थांबतो. बसलेली बॅटरी तेवढ्यात थोडी भरते.

आता चावी फिरवा. स्टार्टरचा रोध ०.०५ ओहम धरला तर समीकरणं सांगतात की चांगल्या बॅटरीतून सुमारे १४८ अँपिअर येतात आणि बसलेलीतूनही सुमारे ४४ बाहेर पडतात. मायनसचा प्लस झाला, तसाच जसा ६ ओहमच्या जागी १ ओहम लावल्यावर झाला होता. खऱ्या ट्रॅक्टरवर हे आकडे जसेच्या तसे येणार नाहीत. बसलेल्या बॅटरीचा आतला रोध चार्जप्रमाणे बदलतो आणि स्टार्टर फिरायला लागला की त्याचा करंट उतरतो. पण करंटची दिशा कशी पलटते ते कळायला हे पुरेसं आहे.

"आणि केबल उलटी लावली असती तर?" तिने विचारलं.

मैत्रिणीचं सर्किट. बॅटरी उलटी म्हटल्यावर व्होल्टेज वजा न होता बेरीज होतात. १२.६ अधिक ११.४, म्हणजे २४ व्होल्ट, आणि रोध तेवढाच ०.०६. भागाकार केला : ४०० अँपिअर. केबलचं टोक टेकताच मोठी ठिणगी, केबल तापून प्लास्टिक वितळणार, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो, त्यामुळे बॅटरी फुटण्याचीही भीती. म्हणूनच शेवटची काळी केबल बसलेल्या बॅटरीच्या टोकाला न लावता थोडी लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावतात. ठिणगी पडलीच तर बॅटरीपासून दूर पडावी म्हणून.

कागदावर लांब-आखूड रेघेची चूक म्हणजे एक मार्क. शेतात तीच चूक म्हणजे ४०० अँपिअर.

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग एक फोटो आला. ट्यूबलाइटची चकाकी नाही, घडी नाही, मोबाइल सरळ धरलेला. नवी आकृती, पेनाने काढलेली, आणि उजव्या बॅटरीची खालची रेघ मुद्दाम दोनदा गिरवून जाड केलेली. बाजूला लिहिलं होतं : I₂ = −1.2. मायनसला गोल केला होता, खोडलं नव्हतं.